खुर्चीचा सिलिंडर आणि दीड इंची निपल

सकाळी दहाला मी टेबलाच्या बरोबर उंचीवर बसायचे आणि साडेदहापर्यंत हनुवटी कीबोर्डच्या जवळ आलेली असायची. खुर्ची खाली जातेय हे कळायचंही नाही. मानेला रग लागली की लक्षात यायचं. मग उठायचं, लिव्हर ओढून सीट वर घ्यायची आणि पुन्हा बसायचं. एप्रिलचा अख्खा महिना मी असा काढला. रिटर्न भरायचे दिवस नव्हते म्हणून निभलं. मे लागला आणि सीट वर थांबेचना.

खुर्ची साधी ऑफिसची. काळ्या नायलॉनच्या पाच पायांचा बेस, मध्ये सिलिंडर, वर सीट. नऊ वर्षं झाली असतील. गादी अजून चांगली होती, त्यामुळे नवी घ्यायचं मनात नव्हतं. आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी खुर्ची आडवी केली, लिव्हर खेचून बाहेर काढला आणि म्हणाले, "आता बस आणि पाह्य."

सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटं बटण असतं आणि लिव्हरची पट्टी ते दाबते. पट्टी वाकून बटणावर जराशी टेकलेली राहिली, तर आतला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि सीट हळूहळू खाली येते. अशा वेळी बिघाड असतो लिव्हरचा आणि लोक बदलतात सिलिंडर. बाबांना तेच तपासायचं होतं. लिव्हर काढूनही मी वीस मिनिटांत खाली आले. म्हणजे सिलिंडरच गेला होता. आतलं सील थकलं की गॅसला एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला वाट मिळते, आणि त्याला घरी काही इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा नणंदेकडे वर्ध्याला गेले, दोन दिवसांसाठी. मी इतवारीत जाऊन नवा सिलिंडर आणला, सातशे रुपयांना. दुकानदाराने माप विचारलं. जुना खुर्चीतच होता, पण एवढं मोजता आलं: बाहेरची जाड नळी 50 मिलिमीटर आणि सीटमध्ये शिरणारी आतली नळी 28. बहुतेक खुर्च्यांना हीच दोन मापं असतात. फरक पडतो तो लांबीत. बाहेरची नळी बेसच्या वर किती दिसते आणि सीट किती वर-खाली होते, हे दोन्ही मोजून न्यावं. नाहीतर पाय अधांतरी राहतील अशी उंच खुर्ची घरी येते. दुकानदार पिशवी देता देता म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे ताई. उलटी करा अन् खालून हतोडी हाणा."

खालून हाणायची म्हणजे नेमकी कुठे, ते मी विचारलं नाही.

आमच्या इमारतीत दुपारी एक ते पाच ठोकाठोक केली तर वरच्या काकू खाली येतात. शिवाय मे महिना, बाहेर 44 डिग्री. संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत खुर्ची उलटी केली. पाय वर, सीट जमिनीवर. बेसच्या मधोमध सिलिंडरचं बूड दिसत होतं. बाहेरून नळीची गोल कड, जरा आत तिचा तळ, तळाच्या मध्यभागी करंगळीएवढ्या जाडीच्या दांड्याचं टोक आणि त्यावर घोड्याच्या नालेसारखी एक क्लिप. मला वाटलं, मारायची खूण म्हणूनच ते टोक मध्ये ठेवलंय. बाबांचा दोन पौंडी हातोडा घेतला आणि त्यावर घातला.

हातोडा उडून परत आला. दगडावर मारल्यासारखा नाही, टायरवर मारल्यासारखा. वीसेक घाव घातले. प्रत्येक वेळी तीच उसळी. बेस तसूभर हलला नाही. वाकून पाहिलं तर दांड्याचं टोक छत्रीसारखं थोडं पसरलेलं.

तो दांडा म्हणजे गॅस स्प्रिंगचा पिस्टन रॉड. सिलिंडर म्हणून आपण जे पाहतो ते खरं तर दोन भागांचं असतं. बाहेरची जाड नळी बेसमध्ये घट्ट बसलेली. तिच्या आत सरकणारी बारीक नळी, तिच्यात दाबाने भरलेला नायट्रोजन, आणि तिच्यातून खाली येणारा रॉड. हा रॉड बाहेरच्या नळीच्या तळातल्या भोकातून बाहेर निघतो आणि क्लिपने अडकवलेला असतो. म्हणजे मी रॉडवर घाव घालत होते आणि तो घाव बाहेरच्या नळीला पोचतच नव्हता. काही गॅसने पचवला आणि उरलेला सरळ सीटकडे गेला. तिथे आतल्या नळीचं टोक सीटखालच्या यंत्रणेत पाचरीसारखं बसलेलं असतं. माझ्या वीस घावांनी ते टोक आणखी आत ठोकून बसवलं. खालचा जोड सुटेना आणि वरचा मीच आवळून ठेवलेला. अर्थात हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी मला क्लिप दिसत होती. क्लिप म्हणजे कुलूप, काढली की निघेल, असं वाटलं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली. ती टणकन उडून कुंडीत गेली. एक वॉशर निघालं. बेस धरून ओढला, तर पसरलेलं टोक भोकात अडकलं. दहा मिनिटं कानशीने टोक घासलं, परत ओढलं आणि बेस सुर्रकन हातात आला! मागोमाग काळं ग्रीस, छऱ्यांचं बेअरिंग आणि आणखी दोन वॉशरं. मी घरात हाक मारून सगळ्यांना बोलावलं. लेक आली, तिने बेस पाहिला आणि विचारलं, "मग ही नळी?"

बाहेरची नळी बेसमध्येच होती. जिथल्या तिथे. मी सिलिंडर बेसमधून काढला नव्हता, सिलिंडरचेच दोन तुकडे केले होते. अर्धा बेसमध्ये, अर्धा सीटला लोंबकळत.

क्लिप काढणं धोक्याचं नसतं, हे इथे सांगून ठेवते. गॅस आतल्या बंद नळीत असतो आणि क्लिप काढल्याने ती उघडत नाही. पण अडकलेली नळी सोडवायला तिचा काडीचा उपयोग नाही. उलट एक काम होतं त्याची दोन होतात.

दुसऱ्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या प्लंबर भाऊंना सांगितलं. ते चौदा इंची पाइप पाना घेऊनच वर आले. "ताई, हे तर आपलं रोजचंच आहे. दोन इंची पाइप खोलतो आम्ही यानं." पान्याचा जबडा 50 मिलिमीटरच्या नळीवर छान बसला. भाऊंनी दांडा ओढला आणि नळीऐवजी अख्खा बेस गॅलरीभर गोल फिरला. चाकंच होती ना पायांना! आधी पाचही चाकं उपटून काढली. ती नुसती खोचलेली असतात, जोर लावून ओढली की येतात. मग बेसचा एक पाय गॅलरीच्या ग्रिलमध्ये अडकवला आणि दुसऱ्यावर मी पाय देऊन उभी राहिले.

आता पाना घसरायला लागला. आदल्या दिवशीचं ग्रीस नळीभर माखलेलं, त्यावर मी सकाळी गंज सुटायचं तेलही फवारलं होतं. पोलादाचा बेस गंजून धरला असेल तर ते तेल कामाचं आहे. नायलॉनला कुठला आलाय गंज? पान्याची पकड मात्र गेली. रॉकेलच्या फडक्याने नळी कोरडी केली, तेव्हा दात रुतले. भाऊंनी पुन्हा ओढलं. 'कर्रर्र' असा एक खरखरीत आवाज आला आणि नळी बोटभर फिरली. आम्ही दोघंही ओरडलो. मग ती आणखी फिरली. पाना काढून लावून, काढून लावून जवळजवळ अर्धा फेरा झाला. बाहेर मात्र आली नाही. बसल्या जागी फिरत राहिली. आणि जिथे दात लागले तिथली गोलाई दबून नळी जराशी अंड्यासारखी झाली. नळीचा पत्रा पातळ, आतला भाग आम्ही काढून घेतलेला, त्यामुळे पोकळ. भरलेल्या सिलिंडरवर पाना लावला असता तर इतकी दबली नसती.

भाऊंनी पाना ठेवला आणि हातोडा मागितला. बेस उलटा केला, नळीचं वरचं तोंड जमिनीला टेकवलं आणि नायलॉनच्या तुंब्यावर वरून दोन घाव घातले. तुंबा म्हणजे पाचही पाय जिथे येऊन मिळतात तो मधला भाग. तिसरा घाव घालणार तेवढ्यात काळ्या नायलॉनवर पांढरी रेघ दिसली आणि मीच त्यांना थांबवलं. नायलॉनवर असा पांढुरका ओरखडा उठला की तो भाग ताणला गेलाय असं समजायचं. पुढची पायरी तडा. भाऊ जाताना म्हणाले, "बेसच नवीन घेऊन टाका ना ताई, काहून डोकं लावून राहिल्या?"

बाबा तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आले. चहा पिण्याआधी गॅलरीत गेले. नळीवरचे पान्याचे दात पाहिले, पांढरी रेघ पाहिली, रॉडचं घासलेलं टोक पाहिलं. बोलले काहीच नाहीत. चहा झाल्यावर विचारलं, "हे आत कशानं धरून आहे, पाह्यलं का कोणी?"

मी म्हटलं, "स्क्रू नाही, आटे नाहीत. डिंक लावला असेल."

"काहीच नाही लावलं. टेपर आहे तो. बुडाशी बारीक, वर जाड. ड्रिल मशीनमध्ये मोठं ड्रिल असंच बसते. आमच्याकडे ते हातानं ओढून काढाले गेला तर मिस्त्री हसे."

त्यांनी व्हर्निअर आणलं आणि नव्या सिलिंडरवर मला दाखवलं. बेसमध्ये बसणारा जो चार-पाच बोटं लांबीचा भाग आहे, त्याच्या वरच्या कडेला 50, खालच्या कडेला 47 आणि थोडं वर. नुसत्या डोळ्यांना तो सरळच दिसतो. प्रत्येक बाजूने उतार जेमतेम दीड अंशाचा. उतार इतका कमी असला की जोड स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. वरून वजन पडलं की नळी पाचरीसारखी आत सरकते, आणि वजन काढलं तरी घर्षण तिला मागे येऊ देत नाही. मी नऊ वर्षं दिवसातून दहा-वीस वेळा त्या पाचरीवर बसत होते, कधी कधी धपकन.

"ओढून नाही निघत ते. झटका लागते. अन् झटका कडेवर लागला पाहिजे, मधात नाही," बाबा म्हणाले. "त्या भाऊनं तर उलटंच केलं. नळीचं जाड तोंड खाली टेकवून बेसवर हाणलं. म्हणजे बेस जाड बाजूकडे सरकला. घट्ट होत गेलं ते."

मग पान्याने नळी फिरली कशी? याचं त्यांचं उत्तर मला फार आवडलं. बाटलीचं बूच आपण नुसतं ओढत नाही, पिळत पिळत ओढतो. पिळत असताना घर्षण सगळं फिरण्याला अडवण्यात गुंततं आणि त्या क्षणी थोडी ओढ पुरते. भाऊंनी पिळलं, पण पिळताना कोणी ओढलं नाही. मी पायावर उभी होते, भाऊ दांड्यावर. तिसरा माणूस बेसखालून नळी ढकलायला असता तर आदल्या दिवशीच निघाली असती. पान्याची पद्धत चुकीची नाही, पण ती दोघांची नाही, तिघांची आहे.

बाबांनी मला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. "दीड इंची जीआयचं निपल आण, सहा इंच लांब." निपल म्हणजे दोन्हीकडे आटे पाडलेला पाइपचा तुकडा, प्लंबिंगच्या कोणत्याही दुकानात मिळतो. दीड इंची म्हणतात, पण त्याचं बाहेरचं माप 48 मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि आतून तो साधारण 42 पोकळ असतो. म्हणजे तो सिलिंडरच्या बुडावर उभा केला की त्याची कड बरोबर नळीच्या कडेवर बसते, आणि मधला रॉड, क्लिप, तळ हे सगळं पोकळीत राहतं. हातोडा कुठेही लागला तरी घाव जातो कडेवरच. क्लिप मी काढली नसती तरी हेच निपल चाललं असतं. पहिल्या संध्याकाळी ते हातात असतं तर ही गोष्टच झाली नसती.

आता बेस कसा ठेवायचा? मी पुन्हा उलटा करून जमिनीवर ठेवणार होते, बाबांनी अडवलं. गच्चीवर टाकीच्या कामातल्या उरलेल्या विटा होत्या. त्यांच्या दोन चळती लावल्या, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, नळीची पूर्ण लांबी मध्ये मोकळी लोंबेल इतक्या उंच. त्यांच्यावर लाकडाच्या दोन फळ्या आणि फळ्यांवर उलटा बेस, असा की तुंब्याची कड दोन्ही बाजूंनी फळीवर टेकलेली. पायांची टोकं हवेत. त्यांनी मुद्दाम एकदा टोकांखाली विटा देऊन दाखवलं. निपलवर हलका घाव घातला तर सगळा बेस स्प्रिंगसारखा थरथरला आणि आवाज आला 'धप्प'. नायलॉनचे पाय लवतात, घाव तेच पिऊन टाकतात. तुंब्याजवळ आधार दिल्यावर त्याच हातोड्याचा आवाज आला 'ठण्'. "हा आवाज आला की समज, जोर पोचून राहिला."

नळीखाली गोणपाटाची घडी ठेवली. मग बाबांनी खडूने नळीवर, जिथे ती तुंब्यातून बाहेर पडते तिथे एक रेघ काढली. अर्धी नळीवर, अर्धी तुंब्याच्या कडेवर. नळी केसभर जरी सरली तरी रेघ तुटलेली दिसणार. त्यांचा चष्मा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर नीट बसवला आणि माझ्यासाठी लेकीच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला गॉगल आणायला लावला, कारण निपलच्या कडेचा कपचा उडू शकतो.

निपल मी धरलं, चिमट्याने. हाताने धरू दिलं नाही त्यांनी. पहिला घाव बेताचा, निपल सरळ आहे ना ते पाहायला. दुसरा पूर्ण. 'ठण्'. खडूची रेघ जशीच्या तशी. तिसरा. रेघ तशीच. मला वाटलं झालं, इथेही काही होणार नाही. चौथ्या घावाला आवाज बदलला. 'ठण्' ऐवजी 'टक्', कोरडा, छोटा. बाबा थांबले आणि बोटाने रेघ दाखवली. दोन तुकडे झाले होते, मध्ये तांदळाएवढी फट.

"सुटलं."

पाचवा घाव त्यांनी घातलाच नाही. निपलवर तळहाताने थाप मारली आणि नळी गोणपाटावर पडली. दोन दिवस ग्रिलमध्ये पाय अडकवून आम्ही जिच्याशी झगडलो ती नळी अशी, फणस पडावा तशी. टेपरचं हे वैशिष्ट्यच आहे. थोडं थोडं सैल होत नाही. एका क्षणापर्यंत पूर्ण घट्ट, आणि अर्धा मिलिमीटर सरलं की पूर्ण मोकळं.

नळीवर दोन बोटं रुंदीचा चकचकीत पट्टा होता. नऊ वर्षं धरून बसलेली जागा तेवढीच. तुंब्याच्या भोकातून बाबांनी टॉर्च फिरवला. पांढरी रेघ बाहेरच्या एका फासळीवर होती, भोकापर्यंत पोचली नव्हती. नखाने दाबून पाहिली, उघडत नव्हती. ती भोकापर्यंत गेली असती किंवा दाबल्यावर फाकली असती, तर त्यांनी बेस वापरूच दिला नसता. सिलिंडर पाचरीसारखा बसतो म्हणजे तो तुंब्याला सतत बाहेर फाकवत असतो. तडा गेलेला तुंबा माणूस बसलेला असतानाच उकलणार. पोलादी किंवा अॅल्युमिनियमचा बेस असेल तर हातोडा एवढा जपून चालवायची गरज नाही, पण घाव कडेवरच हवा, हे तिथेही खरं.

राहिला वरचा अर्धा, सीटला लोंबणारा. मी निपलकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. इथे हातोडा नाही. सीटखालची यंत्रणा दाबलेल्या पत्र्याची असते, घाव घातला तर पत्रा वाकतो आणि मग लिव्हर नीट बसत नाही. शिवाय घालणार कुठे? आतल्या नळीला पकडायला खांदाच नाही. इथलं काम पान्याचं. खाली जाऊन भाऊंना परत बोलावलं. ते जरा नाराजीनेच आले, पण पडलेली नळी पाहून गोणपाटाशी उकिडवेच बसले. "निपलनं? च्यायला."

सीट उलटी जमिनीवर ठेवली, तिच्या दोन्ही हातांवर मी आणि लेक गुडघे टेकून बसलो. पाना 28 मिलिमीटरच्या नळीवर, अगदी यंत्रणेला लागून. बाबांनी तीनदा बजावलं की रॉडला दात लागता कामा नयेत आणि नळीच्या मोकळ्या टोकाकडेही पाना नको, कारण गॅस याच तुकड्यात आहे. याच कारणाने आदल्या दिवशी कोणीतरी सुचवलेला गॅसबत्तीने तापवायचा बेतही त्यांनी मोडीत काढला होता. दाबाच्या नळीला आग दाखवत नाहीत, आणि नायलॉन तर आधीच वितळलं असतं.

पाइप पाना एकाच दिशेने धरतो, हे भाऊंना सांगायला नको होतं. त्यांनी तो लावला आणि ओढला. मी पहिल्या दिवशी ठोकून बसवलेला तो जोड. चार झटके काही नाही. पाचव्याला कर्रर्र. "आता फिरवतच राह्य, मी ओढतो," म्हणत बाबांनी फडक्याने नळी धरली आणि भाऊंच्या प्रत्येक झटक्यासोबत वर खेचली. तिसऱ्या खेचीला ती त्यांच्या हातात आली, आणि तोल जाऊन बाबा कूलरला टेकले.

नवा बसवायला पाच मिनिटं लागली. त्यातली चार पुसण्यात. बेसचं भोक आणि सीटखालचं भोक, दोन्ही रॉकेलने पुसून मग सुक्या फडक्याने कोरडी केली. टेपरला ग्रीस किंवा तेल लावायचं नसतं. घर्षणावरच उभा असलेला जोड, तिथे तेल राहिलं तर खुर्ची उचलताना बेस खाली गळून पडतो. सिलिंडरच्या डोक्यावरच्या बटणावर प्लास्टिकचं टोपण होतं, ते काढलं. ते तसंच राहिलं तर लिव्हर दाबल्यावर काहीच होत नाही आणि लोक सिलिंडर खराब म्हणून परत घेऊन जातात. बेस सरळ ठेवला, सिलिंडर त्यात सोडला, वरून सीट ठेवली. मी हातोडा उचलला तर बाबा म्हणाले, "ठेव तो. बस."

बसले. खाली कुठेतरी एक बारीक 'कच्' झालं. तेवढंच.

जुना सिलिंडर भंगारवाल्याला दिला. नळी त्याने लगेच पिशवीत टाकली. गॅसचा तुकडा देताना बाबा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले, हा कापायचा नाही, भट्टीत टाकायचा नाही, गॅस आहे, हे सांगत सांगत. तो हो हो म्हणत होता. त्याने खरंच ऐकलं की नाही या शंकेने बाबा संध्याकाळी त्याच्या दुकानापर्यंत जाऊन आले. तुकडा बाहेर ढिगावर तसाच पडला होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या खडूने 'गॅस' लिहून ठेवलं.

निपल आता भाऊंकडे आहे. तीनदा मागितलं, देत नाहीत.